सव्वासात मैलांचा हिशेब

सकाळी ७:३०

गठ्ठा उघडण्याआधी मी स्वतः मॉडेल चालवून बघते. एम.एस्सी.च्या मुलांना दिलेला प्रश्न साधा होता: mtcars या डेटावरून सांगा, गाडीचा गिअरबॉक्स आणि मायलेज यांचा संबंध काय? चार पाने लिहा. आर हे सॉफ्टवेअर घेतले की हा डेटा सोबत येतोच. १९७४ च्या 'मोटर ट्रेंड' या अमेरिकन मासिकातून घेतलेल्या ३२ गाड्या आहेत, १९७३-७४ ची मॉडेल्स. mpg म्हणजे एका गॅलनला किती मैल, wt म्हणजे हजार पौंडांत वजन, आणि am मध्ये ऑटोमॅटिकला ०, मॅन्युअलला १.

```
lm(mpg ~ am, data = mtcars)
(Intercept)          am
     17.147       7.245

lm(mpg ~ wt + am, data = mtcars)
(Intercept)          wt          am
   37.32155    -5.35281    -0.02362
```

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला तो या दोन उत्तरांसाठी. एकाच डेटात, एकाच am चा सहगुणक आधी सव्वासातच्या आसपास येतो आणि वजन आत घेतले की जवळपास शून्य होतो. आकडे सगळ्यांचे बरोबर येणार, ते मशीन काढते. म्हणून वीसपैकी एकही गुण मी आकड्याला ठेवलेला नाही. सात गुण सहगुणकाच्या अर्थाला, सात गृहीतके तपासण्याला आणि सहा मर्यादा सांगण्याला.

८:१५

पहिल्याच वहीत वाक्य येते: 'मॅन्युअल गिअर बसवल्यास गाडीचे मायलेज ७.२४५ ने वाढते.' 'बसवल्यास' या शब्दाखाली लाल रेघ. डेटात कोणी गिअर काढून दुसरा बसवलेला नाही. एकोणीस गाड्या ऑटोमॅटिक, तेरा मॅन्युअल. दोन्ही गटांची सरासरी काढली तर १७.१ आणि २४.४, आणि ७.२४५ हा त्यांच्यातला फरक. त्या मॉडेलने एवढेच सांगितले आहे. 'या ३२ गाड्यांत मॅन्युअल गाड्यांची सरासरी एका गॅलनमागे सुमारे ७.२ मैलांनी जास्त होती' असे लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते.

पुढच्या दोन-तीन वह्यांत एकक हरवले आहे. 'वजन एका पौंडाने वाढले की मायलेज ५.३५ ने घटते.' असे असते तर गाडीत दोन माणसे बसल्यावर ती जागची हलली नसती. wt चे एकक हजार पौंड आहे, म्हणजे सुमारे ४५४ किलो. शिवाय दुसऱ्या मॉडेलमधला हा आकडा 'गिअरबॉक्स सारखा असताना' एवढ्या अटीवरच खरा आहे. ती अट वाक्यात नसेल तर एक गुण जातो.

९:४५

इथे एका वहीवर मी बराच वेळ थांबले. या मुलीने दोन्ही सहगुणक शेजारी ठेवले आणि सव्वासात मैल गेले कुठे याचा शोध घेतला. तिने दोन्ही गटांचे सरासरी वजन काढले: ऑटोमॅटिक ३.७६९, मॅन्युअल २.४११. फरक १.३५८, म्हणजे मॅन्युअल गाड्या सरासरीने जवळजवळ चौदाशे पौंडांनी हलक्या. दर हजार पौंडांमागे ५.३५३ मैल जातात, तर १.३५८ ला ५.३५३ ने गुणून ७.२६९ येतात. त्यातून ०.०२४ वजा करा, ७.२४५ हजर.

हा योगायोग नाही, लघुत्तम वर्गांचे गणितच तसे आहे. वगळलेल्या चलाचा सहगुणक गुणिले त्या चलातला दोन गटांमधला फरक, एवढे ओझे आत राहिलेल्या चलाच्या माथी येते. वर्गात मी हे सूत्र अक्षरांत शिकवते तेव्हा निम्मी मुले खिडकीबाहेर बघत असतात. तिने ते गाड्यांवर करून दाखवले. त्याखाली तिचे वाक्य आहे: 'पहिल्या मॉडेलमध्ये am हे वजनाचेच दुसरे नाव झाले होते.' सातपैकी सात.

११:३०

कॉलेज. तासाआधी एक मुलगा दारात उभा.

"मॅडम, am ची पी-व्हॅल्यू ०.९८८ आली. म्हणजे गिअरबॉक्सचा फरक पडत नाही हे सिद्ध झालं ना? मी तसंच लिहिलंय."

त्याला मी `confint` चालवायला लावले. ९५ टक्के विश्वास-अंतराल आले साधारण -३.२ ते +३.१.

"आता सांग, मॅन्युअल गाडी तीन मैल जास्त देते असं कोणी म्हटलं, तर हा डेटा त्याला खोटं पाडतो का?"

"नाही."

"आणि तीन मैल कमी देते म्हटलं तर?"

"तेही नाही."

"मग काय सिद्ध झालं?"

तो हसला नाही, वही उघडून ते वाक्य खोडायला लागला. मला ते आवडले. पण अंतराल इतके रुंद का, हेही त्याने बघावे असे मला वाटत होते. वजन आडव्या अक्षावर घेऊन दोन गिअरबॉक्सना दोन रंग दिले की कारण समोर येते. तीन हजार पौंडांखाली ऑटोमॅटिक गाडी एकच, टोयोटा कोरोना. तीन हजारांवर मॅन्युअल गाड्या दोनच, फोर्ड पँटेरा आणि मासेराती बोरा, दोन्ही वेगासाठी बनवलेल्या. 'वजन सारखे ठेवून तुलना करा' असे आपण मॉडेलला सांगतो, पण सारख्या वजनाच्या जोड्या डेटात जवळजवळ नाहीतच. मग मॉडेल सरळ रेषेच्या भरवशावर ती पोकळी भरते. त्या रेषेवर किती भरवसा ठेवायचा, हा गृहीतकांचा प्रश्न.

दुपारी २:००

स्टाफरूममध्ये गृहीतकांची पाने. 'सर्व गृहीतके पूर्ण होतात' हे वाक्य आणि खाली `plot(model)` ची चार चित्रे, इतका मजकूर बऱ्याच वह्यांत आहे. चित्र चिकटवले पण पाहिले नाही, हे लगेच कळते, कारण चित्र उलट सांगत असते. रेसिड्युअल विरुद्ध फिटेड या आलेखात ठिपक्यांचा उथळ वाडगा दिसतो, दोन्ही कडा वर आणि मधला भाग खाली.

फक्त wt घेऊन रेषा काढली तरी हे हाताने तपासता येते. रेषा आहे ३७.२८५ वजा ५.३४४ गुणिले वजन. सर्वांत जड तीन गाड्या घ्या. लिंकन कॉन्टिनेंटल ५.४२४, रेषा म्हणते ८.३, प्रत्यक्षात १०.४. क्रायस्लर इंपीरियल ५.३४५, रेषा ८.७, प्रत्यक्षात १४.७. कॅडिलॅक फ्लीटवुड ५.२५०, रेषा ९.२, प्रत्यक्षात १०.४. तिन्ही रेषेच्या वर. हलक्या टोकाला टोयोटा कोरोला आणि फियाट १२८ तर सहा-सात मैल वर. दोन्ही टोकांना रेषा कमी सांगते, म्हणजे नाते वक्र आहे. wt चा वर्ग आत घेतला की आर-स्क्वेअर ०.७५ वरून ०.८२ वर जातो. एका मुलाने तेवढे करून लिहिले आहे, 'सरळ रेषेचे गृहीतक मोडते, म्हणून am चा जवळपास शून्य आकडाही मी पक्का मानत नाही.' त्याला सातपैकी सहा. गृहीतक मोडले हे सांगून थांबणारे बरेच असतात. मोडल्यामुळे आपल्या उत्तराचे काय होते, तिथवर तो गेला.

एक गुण गेला तो स्वातंत्र्यावर. ३२ ठिपके एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असे त्याने न बघता लिहिले. यादीत सात मर्सिडीज आहेत. २८० आणि २८०सी यांचे वजन, सिलिंडर, अश्वशक्ती सगळे सारखे. माझदा आरएक्स४ आणि तिची वॅगन दोन्ही बरोबर २१ मैल देतात. ही भावंडे आहेत, आणि ३२ गाड्यांतली माहिती ३२ पेक्षा कमी आहे. हे कोणत्याही आलेखात दिसत नाही, त्यासाठी गाड्यांची नावे वाचावी लागतात.

काही जणांनी शापिरो-विल्क चाचणी थेट mpg वर लावली आहे. गृहीतक रेसिड्युअलबद्दल आहे, mpg बद्दल नाही. समासात तेवढे लिहून पुढे.

४:१५

मर्यादांचे पान. 'नमुना लहान आहे. अधिक संशोधनाची गरज आहे.' या दोन वाक्यांना मी शून्य देते आणि त्याची मला खंत नाही. ती कांद्याच्या भावाच्या अभ्यासालाही चालतील, या मॉडेलबद्दल ती काही सांगत नाहीत.

एका मुलीच्या वहीत मात्र ही ओळ आहे: 'वजन ७००० पौंड घातले तर मॉडेल सुमारे -०.१ मैल सांगते. म्हणून ५४२४ पौंडांपुढे माझे मॉडेल वापरू नये.' मर्यादा अशी लिहावी, आकड्यासह आणि हद्दीसह. तिनेच पुढे नोंदवले आहे की मर्सिडीज २४०डी डिझेलवर चालते, इंधनाचा स्तंभ डेटात नाही, आणि गाड्या मासिकाने निवडलेल्या असल्याने पी-व्हॅल्यू नेमक्या कोणत्या समूहाबद्दल बोलते हे धूसर आहे. सहापैकी सहा.

५:४०

सहकारी सरांबरोबर गुण ताडून बघणे. मतभेद एका वहीवर झाला. त्या मुलाने उरलेली दहाही चले आत टाकली. आर-स्क्वेअर ०.८७, वर्गात सर्वाधिक. सरांचे म्हणणे, मॉडेल सर्वांत चांगले बसले आहे, पंधरा तरी द्या. मी त्यांच्यापुढे आउटपुट ठेवले. दहापैकी एकाही सहगुणकाची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली नाही. इंजिनाचे आकारमान, disp, याचा सहगुणक धन आला आहे, आणि मुलाने त्याचा अर्थही लिहिला आहे: 'इंजिन मोठे असेल तर मायलेज सुधारते.' वजन, सिलिंडर, अश्वशक्ती सारखे ठेवून फक्त आकारमान वाढवलेली गाडी या ३२ मध्ये शोधून दाखवा, एवढेच मी म्हटले. disp चा व्हीआयएफ २१ च्या वर आहे, म्हणजे त्याची जवळजवळ सगळी माहिती इतर चलांत आधीच आहे.

सरांनी आउटपुट दोनदा वाचले. "पण मग आर-स्क्वेअरला गुणच नाहीत?"

"नाहीत. चल वाढवलं की तो कमी होतच नाही. आडनावांची अक्षरं मोजून घातली तरी वाढेल."

त्यांनी नऊ सुचवले, मी आठ. साडेआठवर तडजोड झाली. वहीवर मी लिहिले: 'प्रश्न गिअरबॉक्सचा होता. दहा चलांपैकी प्रत्येक का घेतले ते एकेका ओळीत लिही. ज्याचे कारण सापडणार नाही ते काढ, मॉडेल पुन्हा चालव, आणि am चा सहगुणक विश्वास-अंतरालासह लिहून सोमवारी दे. दोन गुण त्यासाठी राखून ठेवले आहेत.'