उतारवयातली जाड नखे

पायाचे नख वाढते त्याच्या मुळाशी, म्हणजे कातडीखाली दडलेल्या भागात. तिथे नव्या पेशी तयार होतात, कठीण होतात आणि पुढे सरकतात. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम त्याच्या निम्मे. अंगठ्याचे संपूर्ण नख नव्याने यायला वर्ष-दीड वर्ष लागते. वय वाढते तसा हा वेग आणखी मंदावतो. नख पुढे सरकेनासे झाले की पेशी एकावर एक साचतात आणि नख लांबीऐवजी जाडीत वाढू लागते. पायांकडचा रक्तपुरवठा कमी झाला असेल तर हे अधिकच घडते.

दुसरे कारण म्हणजे मार. वर्षानुवर्षे घट्ट बूट घातल्याने किंवा कधीकाळी अंगठ्यावर जड वस्तू पडल्याने नखाचे मूळ दुखावले, की ते कायमचे जाड, वाकडे नख तयार करत राहते. असे नख कापलेच नाही तर पिवळट-तपकिरी होऊन एका बाजूला वळते. डॉक्टर अशा नखाला मेंढ्याच्या शिंगाची उपमा देतात, आणि पाहिलेल्या कुणालाही ती पटेल.

तिसरे कारण बुरशी. बुरशी लागलेले नख टोकाकडून पिवळे पडते, ठिसूळ होते आणि त्याच्याखाली भुसा साचतो. मात्र नुसत्या दिसण्यावरून निदान करणे धोक्याचे, कारण सोरायसिसमध्येही नख असेच दिसू शकते. नखाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासूनच खात्री होते. पोटात घ्यायच्या बुरशीविरोधी गोळ्या बहुधा तीन महिने चालतात आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून ही तपासणी टाळून औषध सुरू करणे शहाणपणाचे नाही. ज्याचे नख केवळ वयाने जाड झाले आहे, त्याला त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही.

कापताना बहुतेकांची चूक अवजारातच होते. साध्या नेलकटरचा जबडा जाड नखाला पुरत नाही. जोर लावला की नख उभे तडकते आणि चीर खालच्या जिवंत कातडीपर्यंत जाते. ब्लेड किंवा घरातली कात्री तर नकोच. औषधाच्या दुकानात पकडीसारखे, लांब दांड्याचे, स्प्रिंग असलेले नखकापे मिळते. तेच घ्यावे आणि वापरण्याआधी व नंतर स्पिरिटने पुसावे.

समजा, ७४ वर्षांच्या एका गृहस्थांच्या अंगठ्याचे नख ४ मिलिमीटर जाड आहे आणि बोटापुढे अर्धा सेंटिमीटर आले आहे. पाय कोमट पाण्यात १५ मिनिटे ठेवून नीट कोरडे करावेत. नख पाणी शोषते आणि मऊ पडते. मग बोथट काडीने नखाखालचा भुसा काढावा. ही पायरी वगळू नये, कारण काडी जिथवर सहज आणि न दुखता जाते तिथवरचेच नख सुटे असते. जाड नखाखालची कातडी कधी कधी नखाबरोबर पुढे आलेली असते, आणि नेमकी तीच कापली जाते. त्यानंतर एका कडेपासून सुरुवात करून एकदीड मिलिमीटरचे छोटे तुकडे घ्यावेत; अख्खे नख एका दाबात कापू नये. कड सरळ ठेवावी, कोपरे खोल कोरू नयेत, नाहीतर वाढताना नख मांसात रुतते. शेवटी खरखरीत कानशीने टोक आणि वरचा पृष्ठभाग घासावा. घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा.

पहिल्याच बैठकीत सारे नख ठिकाणावर आणण्याचा अट्टहास नको. या गृहस्थांचे नख दर आठवड्याला थोडे थोडे कमी केले तर महिन्याभरात आटोक्यात येईल. मध्यंतरी रात्री ४० टक्के युरिया असलेले मलम फक्त नखावर लावून पट्टी बांधली तर काम सोपे होते. भोवतालच्या कातडीला ते झोंबते, म्हणून तिथे आधी व्हॅसलीन लावावे. पुढे दीड-दोन महिन्यांतून एकदा कापले तरी पुरते.

ही कृती सगळ्यांसाठी नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर कापले हे कळतही नाही आणि जखम चिघळते. अशांनी पाय पाण्यात भिजतही ठेवू नयेत. पायाचा रक्तपुरवठा कमी असणारे, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, नजर अधू झालेले किंवा हात थरथरणारे यांनीही स्वतः कापू नये; सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ किंवा मधुमेही पायांच्या दवाखान्यातून कापून घ्यावे. नखाभोवती सूज, पू किंवा ठणका असेल, किंवा नखावर नवी काळी उभी रेघ उमटून रुंद होत असेल, तर कापण्याचा विचार सोडून आधी डॉक्टरांना दाखवावे.