‘हेवी रेन’ म्हणजे अतिवृष्टी नव्हे: एका शोधनिबंधाचा मराठी गोषवारा लिहिताना

मॉन्सूनवरचा एक गाजलेला शोधनिबंध वर्तमानपत्राच्या वाचकासाठी शंभर-सव्वाशे शब्दांत द्यायचाय, असं समजा. वाचक घाटनांदूरचा आहे, सोयाबीन पेरतो आणि सकाळी चहाबरोबर पेपर चाळतो. त्याला काय सांगायचं?

निबंध आहे बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा, १ डिसेंबर २००६ च्या ‘सायन्स’मध्ये आलेला. गोस्वामी म्हणजे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे माजी संचालक. त्यांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतल्या जून ते सप्टेंबरच्या रोजच्या पावसाची आकडेवारी तपासली. निष्कर्ष तीन होते: मध्य भारतात जोरदार पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या कमी झाल्या, आणि हंगामाच्या एकूण पावसात मात्र ठाम वाढ किंवा घट दिसली नाही, कारण एकीकडची वाढ दुसरीकडच्या घटीने भरून निघाली.

वाचायला सोपं वाटतं. कुणीही पटकन लिहील: ‘मध्य भारतात अतिवृष्टीच्या दिवसांत लक्षणीय वाढ’. या एका ओळीत तीन शब्द अडचणीचे आहेत, आणि सगळ्यात मोठी अडचण ‘अतिवृष्टी’ची आहे.

आपल्याकडे अतिवृष्टी हा फक्त हवामानाचा शब्द राहिलेला नाही, तो पंचनाम्याचा शब्द आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि नुकसानभरपाईची चर्चा तिथून सुरू होते. घाटनांदूर मंडळाच्या पर्जन्यमापकावर ६३ आला की ६६, यावर लोक वाद घालतात ते उगाच नाही.

आता निबंधातली व्याख्या बघा. तिथे ‘हेवी’ म्हणजे दिवसाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, ‘व्हेरी हेवी’ म्हणजे १५० किंवा त्याहून जास्त, आणि ‘मॉडरेट’ म्हणजे ५ ते १०० च्या दरम्यान. म्हणजे काय तर, तलाठी ज्याला अतिवृष्टी म्हणतो तो ७० मिलिमीटरचा आकडा निबंधाच्या हिशेबात ‘मध्यम’ या खान्यात बसतो, जो खाना कमी होतोय असं निबंध सांगतो! आपली ओळ छापली तर वाचकाला निष्कर्षाच्या उलट गोष्ट कळू शकते.

बरं, फरक फक्त आकड्याचा असता तर ‘१०० मिलिमीटरच्या वर’ एवढं लिहून भागलं असतं. पण मोजायची जागाही वेगळी आहे. मंडळाचा आकडा एका पर्जन्यमापकाचा असतो. निबंधात देशभरातल्या १,८०३ केंद्रांच्या नोंदी एकत्र करून नकाशाचे चौकोन पाडलेत, एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश. आपल्या भागात असा एक चौकोन साधारण साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचा होतो, बीड जिल्ह्यापेक्षा थोडासा मोठा. त्या सगळ्या चौकोनाची सरासरी १०० च्या वर गेली तरच ती ‘हेवी’ घटना. घाटनांदूरला १२० पडला आणि बाकी जिल्ह्यात २०-२५, तर शेतात पाणी साचेल, पंचनामा होईल, पण या निबंधात त्या दिवसाची मोजणी जोरदार पावसात होणार नाही. म्हणून मी ‘अतिवृष्टी’ हा शब्द गोषवाऱ्यात अजिबात वापरत नाही. ‘मोठ्या भागावर एकाच दिवशी पडणारा जोरदार पाऊस’ लांबलचक आहे, पण खरा आहे.

दुसरा शब्द ‘मध्य भारत’. आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर भोपाळ येतं, आणि तो पान उलटतो. निबंधातला मध्य भारत म्हणजे १६.५ ते २६.५ उत्तर अक्षांश आणि ७४.५ ते ८६.५ पूर्व रेखांश. यात अख्खा मराठवाडा आणि विदर्भ येतो. कोकण येत नाही, पुणे शहरही येत नाही. तेव्हा ‘मराठवाडा-विदर्भापासून ओडिशापर्यंतचा पट्टा’ असं लिहावं. मात्र हे सांगताना तोल जाऊ शकतो: पट्टा आपला आहे म्हणून निष्कर्ष आपल्या गावाचा होत नाही. घटना सगळ्या पट्ट्याच्या एकत्र मोजल्यात, कारण एकेका जागी पाऊस इतका वरखाली होतो की कल दिसत नाही. पुढे २०१२ मध्ये आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी जागोजागचे टोकाचे पाऊस वेगवेगळे तपासले, तर देशभर एकसारखा कल सापडलाच नाही. त्यामुळे ‘दिवसांत वाढ’ हेही चूक. वाढल्या त्या पट्ट्यातल्या घटना, घाटनांदूरचे दिवस नव्हेत.

तिसरा शब्द ‘लक्षणीय’. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ ‘निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा’. पेपरात त्याचा अर्थ ‘भरपूर’. मी तो सरळ काढून टाकतो.

हे सगळं धरून केलेला मसुदा असा:

‘मराठवाडा-विदर्भापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात पावसाळ्याचा एकूण पाऊस १९५१ ते २००० या काळात ठामपणे वाढला किंवा घटला नाही, पण पडण्याची तऱ्हा बदलली, असं एका अभ्यासात दिसलं आहे. जिल्ह्याएवढ्या भागावर सरासरी १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस एकाच दिवशी पडण्याच्या घटना वाढल्या. ५ ते १०० मिलिमीटरच्या घटना कमी झाल्या. पंचनाम्यासाठीची ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी आणि या अभ्यासातला जोरदार पाऊस या वेगळ्या गोष्टी आहेत. हा कल संपूर्ण पट्ट्याचा आहे. एखाद्या गावात काय बदललं हे यावरून सांगता येत नाही. पृथ्वीचं तापमान वाढत असताना हा बदल झाला, असं संशोधक नोंदवतात आणि पुढेही जोरदार पावसाचा धोका वाढेल असा अंदाज देतात.’

पंचनाम्याचं वाक्य मूळ निबंधात नाही, अर्थातच. ते मी मुद्दाम घातलंय, कारण गैरसमज तिथेच होणार. गोषवाऱ्यात निबंधाबाहेरचं वाक्य घालू नये असं काही जण म्हणतात. मला पटत नाही; ते संशोधकांच्या तोंडी घातलं नाही म्हणजे झालं. शेवटचं वाक्यही नीट बघा. ‘तापमानवाढीमुळे पूर’ असं त्यात कुठेही नाही.

आता मथळा. तो बहुतेकदा उपसंपादक देतो, आणि घाईत देतो. २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या भागावर पसरणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या, असं त्यात होतं. ‘पाऊस तिप्पट’ हा मथळा किती सहज सुचतो बघा. त्याच निबंधात एकूण पाऊस घटल्याचं लिहिलंय! शिवाय तिथला मध्य भारत १९ अंश उत्तरेपासून सुरू होतो, म्हणजे अंबाजोगाई, परळी, घाटनांदूर त्या चौकटीच्या थोडं खालीच राहतात.

म्हणून मसुद्याबरोबर मथळाही मीच लिहून देतो, एक लांब आणि एक चार-पाच शब्दांचा, जागा कमी पडली तर. गोस्वामींच्या निबंधासाठीचा छोटा मथळा: ‘पाऊस तेवढाच, पडण्याची तऱ्हा बदलली’. ‘तेवढाच’ हे जरा ओढूनताणून आहे, ‘ठाम बदल नाही’ जास्त बरोबर ठरलं असतं. पण खाली पहिल्याच वाक्यात ते नीट सांगितलेलं आहे, आणि ‘अतिवृष्टी वाढली’पेक्षा हा मथळा मला केव्हाही चालेल.