‘माझ्या भाषेत सांगा’, पण कुठल्या?

बेळगावच्या एका बाईंनी बँकेच्या ॲपमधला चॅट उघडून असा निरोप टाकला, असं समजू:

```
Please reply in my language. Mazya khatyatun don vela
paise kapale gele, ajun parat aale nahit.
```

भाषेचं नाव कुठेच नाही. पलीकडे माणूस नाही, चॅटबॉट आहे. त्याच्या हाताशी या दोन ओळी आहेत. शिवाय खात्यावर आडनाव पाटील आहे, शाखा बेळगावची आहे आणि फोनची भाषा इंग्रजी आहे. यातल्या कशावर विसंबून भाषा ठरवायची?

आडनाव आणि गाव आधी बाजूला ठेवू, कारण मोह त्यांचाच जास्त होतो. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावं मराठी घरांत जितकी तितकीच कन्नड घरांतही सापडतात. गावाचंही तसंच. बेळगावात मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारे एकाच गल्लीत राहतात, आणि कुणाची भाषा कोणती यावरून तिथे १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून वाद चालू आहे. अशा ठिकाणी गावाच्या नावावरून कन्नडमध्ये उत्तर आलं, तर मराठी ग्राहकाला ती नुसती तांत्रिक चूक वाटणार नाही. कन्नड माणसाला मराठीत उत्तर गेलं तरी तेच. गोव्यात १९८७च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. म्हणजे पणजीचा पत्ता पाहून यंत्राने कोंकणी धरली काय किंवा मराठी धरली काय, त्याने एका जुन्या भांडणात न विचारता बाजू घेतलेली असते. आडनावात तर जात आणि धर्मही डोकावतो. ‘तुमचं आडनाव बघून आम्ही ही भाषा निवडली’ असं ग्राहकाला तोंडावर सांगता येणार नसेल, तर ते आडनाव हिशेबात धरूच नये.

फोनच्या भाषेची गंमत वेगळी आहे. सेटिंगमध्ये मराठी असेल, तर बहुधा कुणीतरी मुद्दाम जाऊन ती लावलेली असते, म्हणून तो पुरावा भक्कम. इंग्रजी असेल, तर त्यावरून फारसं काही कळत नाही. दुकानदाराने फोन इंग्रजीत सुरू करून दिला आणि तो तसाच राहिला, अशी किती तरी घरं आपल्या ओळखीची असतील.

उरतो तो बाईंनी स्वतः लिहिलेला मजकूर. मजकुरावरून भाषा ओळखणारी यंत्रणा नवी नाही. विल्यम कॅव्हनर आणि जॉन ट्रेंकल यांनी १९९४मध्ये मांडलेली पद्धत आजही शिकवली जाते. मजकुराचे दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे तुकडे करायचे, कोणता तुकडा किती वेळा येतो ते मोजायचं आणि ज्या भाषेशी हे प्रमाण सर्वांत जास्त जुळेल ती निवडायची. लांब मजकुरावर ही युक्ती छान चालते. चार शब्दांच्या निरोपावर ती अडखळते. शिवाय अशी यंत्रणा ठरलेल्या यादीतूनच एक भाषा उचलते. यादीत नसलेल्या भाषेलाही ती कुठलं तरी नाव देतेच, आणि कधीकधी मोठ्या आत्मविश्वासाने देते. रोमन लिपीतल्या मराठीचं घोडं इथेच अडतं. मराठी म्हणून यंत्राला फक्त देवनागरी दाखवली असेल, तर वरचा निरोप त्याला भलत्याच भाषेचा वाटू शकतो.

माणूस मात्र तो निरोप वाचताना नामांकडे फारसं पाहत नाही. खातं, रिफंड, ऑर्डर हे शब्द सगळ्यांचेच झालेत. ओळख पटते ती छोट्या शब्दांवरून आणि प्रत्ययांवरून. ‘खात्यातून’मधला ‘तून’, ‘दोन वेळा’, ‘अजून’ आणि शेवटचं अनेकवचनी ‘आले नाहीत’. हिंदीत इथे ‘दो बार’ आणि ‘नहीं आए’ आलं असतं. कोंकणीत ‘माझ्या’च्या जागी ‘म्हज्या’ असतं आणि शेवटी ‘येवंक नात’. निरोप देवनागरीत असता, तर ‘ळ’ दिसल्यावर हिंदी आणि नेपाळी बहुतेक बाद झाल्या असत्या. पण मराठी की कोंकणी, हे ‘ळ’ सांगत नाही, कारण तो दोघींकडे आहे.

तर पहिलं वाक्य इंग्रजी आहे आणि दुसरं पक्कं मराठी. ‘माझी भाषा’ म्हणून इंग्रजीच हवी असती, तर इंग्रजीत लिहिता लिहिता ती मागायची गरज पडली नसती. तेव्हा उत्तर मराठीत द्यायला हरकत नाही. लिपीचा प्रश्न राहतो. रोमनमध्ये टाइप करणाऱ्या बऱ्याच जणांना देवनागरी वाचायला सोपी जाते, फक्त कीबोर्डची सवय नसते. उलट परदेशात वाढलेल्या मराठी मुलामुलींना बोललेलं सगळं कळतं, पण देवनागरीची ओळ वाचायला वेळ लागतो. पैशाचा मामला आहे, आकडे आणि अटी नीट कळायला हव्यात, म्हणून मी उत्तर देवनागरीत देईन आणि खाली रोमनमध्ये एक ओळ टाकेन: रोमन लिपीत हवं असेल तर सांगा.

आता तोच निरोप अर्धा करू. बाईंनी फक्त पहिलं इंग्रजी वाक्य लिहिलं आणि पुढे काहीच नाही. आडनाव तेच, गाव तेच. इथे अंदाज करायचाच नाही, विचारायचं. आणि विचारायचं इंग्रजीत, कारण ती त्यांना निदान तेवढी येते असं त्यांनीच दाखवलंय. सोबत भाषांची नावं ज्याच्या त्याच्या लिपीत द्यावीत, म्हणजे इंग्रजी अडली तरी बोट ठेवता येईल. भाषेसाठी झेंड्याचं चित्र लावायची पद्धत भारतात निव्वळ निरुपयोगी आहे. मात्र कार्ड चोरीला गेल्याची तक्रार असेल, तर आधी कार्ड बंद कसं करायचं ते सांगायचं आणि भाषेचं नंतर बघायचं.

सर्वांत जास्त गफलत होते ती चिकटवलेल्या मजकुरामुळे. बँकेचा लांबलचक इंग्रजी एसएमएस कुणीतरी चॅटमध्ये चिकटवतं आणि खाली लिहितं, ‘हे काय आहे, माझ्या भाषेत सांगा’. अक्षरं मोजणाऱ्या यंत्राला त्यात नऊ भाग इंग्रजी दिसते, म्हणून ते इंग्रजीचंच इंग्रजीत स्पष्टीकरण देत बसतं. पण ग्राहकाचं स्वतःचं वाक्य एकच आहे आणि ते मराठी आहे. म्हणून निरोपातला उद्धृत भाग आणि माणसाचा स्वतःचा भाग आधी वेगळे करायला हवेत आणि भाषा दुसऱ्यावरून ठरवायला हवी. संभाषण मराठीत चालू असताना मधेच ‘ओके’ किंवा ‘थँक यू’ आलं, म्हणून पुढचं उत्तर इंग्रजीत देणं हा त्याच चुकीचा धाकटा भाऊ.

एक गुंता तरीही राहतो. नागपूरचा एखादा मराठी माणूस ‘मेरेको रिफंड नही मिला, मेरी भाषा में बताओ’ असं लिहील. घरी तो मराठी बोलत असेल, पण हे यंत्राला कळायचा मार्ग नाही आणि ते शोधत त्याने फिरूही नये. त्याने हिंदीत लिहिलंय, तर उत्तर हिंदीतच द्यावं आणि भाषा बदलायची सोय समोर ठेवावी. मातृभाषा हुडकून काढणं हे बँकेचं काम नव्हे.

त्याने मराठी निवडली, तर ती निवड लक्षात ठेवावी, पण चॅटपुरतीच. खात्याचं विवरणपत्र त्याला ऑडिटरला दाखवायला इंग्रजीत लागत असेल. त्याची भाषा बदलायची का, हे वेगळं विचारावं.