उजव्या शेजाऱ्याचा दुवा : १९५९ ते १९८१

बायनरी ट्रीमधील प्रत्येक नोडला आपल्या डाव्या आणि उजव्या अपत्याचा पत्ता ठाऊक असतो. परंतु आपल्याच पातळीवर आपल्या उजव्या हाताला कोण आहे, याची त्याला काहीही खबर नसते. वंशावळीच्या कागदावर चुलत भावंडे एका ओळीत लिहिलेली दिसतात खरी, पण एकापासून दुसऱ्यापर्यंत जावयाचे तर समान पूर्वजापर्यंत वर चढून पुन्हा खाली उतरावे लागते, आणि आमच्या वृक्षात तर वर चढण्याचीही सोय नाही, कारण दुवे सारे अधोमुख. म्हणून प्रत्येक नोडला `next` नावाचे आणखी एक घर द्यावयाचे, त्यात त्याच पातळीवरील उजव्या शेजाऱ्याचा पत्ता भरावयाचा आणि पातळी संपली की ते घर रिकामे ठेवावयाचे, एवढाच हा प्रश्न. आज तो नोकरीच्या मुलाखतीत सर्रास विचारला जातो. परंतु त्याच्या दोन्ही उत्तरांमागील कल्पना १९५९ ते १९८१ या काळात निरनिराळ्या कामांसाठी, एकमेकींची फारशी दखल न घेता, आकारास आल्या, आणि त्या क्रमाने पाहिल्यास दुसरे उत्तर पहिल्याचेच रूपांतर आहे हे ध्यानी येते.

पातळीपातळीने पुढे सरकण्याची रीत एडवर्ड एफ. मूर यांच्या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या, चक्रव्यूहातील लघुतम मार्गासंबंधीच्या निबंधात आढळते. दोन वर्षांनी सी. वाय. ली यांनी तीच रीत विद्युत्‌मंडलातील तारांचे मार्ग आखण्यासाठी योजिली. आरंभस्थानापासून एका पावलावरची सर्व स्थाने आधी, मग दोन पावलांवरची, असा तिचा क्रम. आणि हा क्रम राखण्याचे सर्वांत सरळ साधन म्हणजे रांग, जिला सर्वजण क्यू म्हणतात. वृक्षापुरते बोलावयाचे तर रांगेच्या तोंडाचा नोड काढावा, त्याची अपत्ये शेपटाला लावावी, आणि रांगेत त्याच्यामागे त्याच पातळीचा जो नोड उभा असेल त्याचा पत्ता त्याच्या `next` मध्ये लिहावा.

एक दाखला घेऊ. मुळाशी १०, त्याखाली ६ आणि १५, ६ खाली ३ आणि ८, १५ खाली १२ आणि २०, ३ ला केवळ उजवे अपत्य ४, आणि २० ला केवळ डावे अपत्य १८. एकूण नऊ नोड, चार पातळ्या. १० रांगेतून निघाला की ६ आणि १५ आत येतात. आता रांगेची लांबी दोन आहे, आणि हा आकडा आताच टिपून ठेवणे अगत्याचे आहे; कारण ६ निघताच ३ आणि ८ मागे उभे राहतात, आणि मोजमाप आधी केलेले नसेल तर १५ च्या मागे ३ आहे एवढे पाहून १५ चा उजवा शेजारी ३ अशी नोंद होऊन जाते. नवशिक्यांच्या हातून होणारी ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे : मुळाचे `next` तपासावे. मुळाला शेजारी असूच शकत नाही. तिथे काही लिहिलेले आढळले तर पातळ्यांची सरमिसळ झाली आहे असे खुशाल समजावे. मोजमाप नीट ठेवले तर तिसऱ्या पातळीवर ३, ८, १२, २० अशी साखळी जुळते, आणि चौथीवर ४ चा शेजारी १८ ठरतो, मध्ये ८ आणि १२ हे दोन निरपत्य नोड असले तरी.

या रीतीत दोष नाही, फक्त खर्च आहे. वरील दाखल्यात रांगेत एका वेळी अधिकात अधिक चार नोड उभे राहिले. पण वीस पातळ्यांच्या पूर्ण भरलेल्या वृक्षात, ज्यात १०,४८,५७५ नोड असतात, शेवटच्या पातळीवर ५,२४,२८८ नोड येतात आणि ते सर्व एकाच वेळी रांगेत उभे असतात. निम्मा वृक्ष रांगेत, असा हा मामला. तेव्हा मूळ वृक्षाबाहेर, नोडांची संख्या कितीही वाढली तरी न वाढणारी अशी ठराविक चिमूटभर जागा वापरून हे काम होईल काय, असा प्रश्न उभा राहतो.

पूर्ण भरलेल्या वृक्षापुरते उत्तर दोन ओळींचे आहे. डाव्या अपत्याचा शेजारी म्हणजे त्याच पालकाचे उजवे अपत्य. आणि उजव्या अपत्याचा शेजारी म्हणजे पालकाच्या शेजाऱ्याचे डावे अपत्य. पालकांची पातळी आधीच जोडलेली असल्याने पालकाचा शेजारी सापडण्यास कष्ट नाहीत. पण आमच्या दाखल्यात हे उत्तर निरुपयोगी ठरते, कारण ४ चा पालक ३, त्याचा शेजारी ८, आणि ८ ला अपत्यच नाही. रिकाम्या जागा ओलांडून पुढे जाण्याची तजवीज हवी.

ती तजवीज ज्या कल्पनेवर उभी आहे, तिचे अत्यंत देखणे रूप मला सी. जे. चेनी यांच्या १९७० मधील, ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये आलेल्या अवघ्या दोन पानांच्या टिपणात दिसते. चेनी यांचा विषय वेगळा होता : स्मृतीतील जिवंत वस्तू एका भागातून दुसऱ्या भागात हलवून रद्दी मागे सोडून द्यावयाची. हलविलेल्या वस्तू नव्या भागात एकापुढे एक मांडल्या जातात, आणि चेनी यांनी केवळ दोन दर्शक ठेवले : एक, जिथवर तपासणी झाली ते स्थान, दुसरा, जिथे पुढची वस्तू मांडावयाची ते स्थान. या दोहोंमधील पट्टा हीच रांग. वेगळी रांग बांधण्याचे कारणच उरले नाही, कारण कामाचे फलितच रांगेची जागा भरून काढीत होते.

हे ध्यानी घेऊन आपल्या प्रश्नाकडे वळले की वरची पातळी ही आधीच `next` ने ओवलेली रांग आहे, असे दिसते. एक दर्शक त्या रांगेवरून डावीकडून उजवीकडे चालवावा. त्याला जे अपत्य भेटेल ते दुसऱ्या दर्शकाने खालच्या साखळीच्या शेपटाला जोडावे. खालच्या साखळीचा आरंभ कोणत्या नोडपासून होईल हे आधी ठाऊक नसल्याने तिच्यापुढे एक नाममात्र नोड उभा करावा, म्हणजे पहिल्या अपत्यासाठी निराळा नियम लिहावा लागत नाही.

```python
def connect(root):
    dummy = Node(0)
    level = root
    while level:
        dummy.next = None
        tail = dummy
        cur = level
        while cur:
            for child in (cur.left, cur.right):
                if child:
                    tail.next = child
                    tail = child
            cur = cur.next
        level = dummy.next
    return root
```

दाखल्यात तिसऱ्या पातळीवर येऊ. `cur` ३ वर असताना `tail` नाममात्र नोडवर आहे. ३ चे उजवे अपत्य ४ साखळीत येते आणि `tail` ४ वर सरकतो. `cur` ८ वर जातो, तिथे काही नाही. १२ वर जातो, तिथेही नाही. तोवर `tail` निमूटपणे ४ वर थांबलेला असतो. `cur` २० वर पोहोचला की १८ सापडतो आणि ४ चे `next` १८ होते. प्रत्येक नोडला एकदा भेट आणि एकदा जोडणी, म्हणून वेळ रांगेच्या रीतीइतकाच.

इथली जोखमीची ओळ म्हणजे `dummy.next = None`. नाममात्र नोड एकच ठेवून प्रत्येक पातळीस पुन्हा वापरावयाचा आणि त्याचा जुना दुवा मात्र पुसावयाचा नाही, असे झाले तर शेवटच्या पातळीला अपत्ये नसल्याने तो दुवा तसाच राहतो, `level` पुन्हा त्याच पातळीवर येते, आणि कार्यक्रम कधीच थांबत नाही. सारे दुवे अचूक असूनही यंत्र फिरतच राहिले, तर प्रथम हीच ओळ पाहावी.

काहींना स्वतःलाच हाक मारणारी, म्हणजे रिकर्सिव्ह, रचना अधिक सुबक वाटते. तिला माझी हरकत दोन कारणांसाठी आहे. एक तर हाकांचा ढीग वृक्षाच्या उंचीइतका वाढत असल्याने जागा ठराविक राहत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर : डावी शाखा आधी घेतली तर उत्तर चुकते. ४ चा शेजारी शोधताना ३ वरून ८ वर आणि ८ वरून १२ वर जाता येते, पण १२ चे `next` भरण्याचे काम १५ कडे आहे आणि १५ ची पाळी अजून आलेली नाही. शोध १२ वरच संपतो आणि ४ चे घर रिकामे राहते. उजवी शाखा आधी घेतल्यास हा दोष जातो. लहान वृक्षांत डावी-आधी रचनाही पुष्कळदा बरोबर उत्तर देऊन जाते, म्हणून तपासणीसाठी वरच्यासारखा, मध्ये दोन निरपत्य नोड असलेला वृक्ष मुद्दाम घ्यावा.

आता हिशेबाचा एक मुद्दा, ज्याच्याकडे सहसा काणाडोळा होतो. ६४ बिटांच्या यंत्रावर एक दुवा आठ बाइट घेतो. वर सांगितलेल्या वीस पातळ्यांच्या वृक्षात केवळ `next` ची घरे मिळून सुमारे ८ मेगाबाइट होतात, तर भरगच्च रांगेतील दुवे सुमारे ४. म्हणजे वाचविलेल्या जागेच्या दुप्पट जागा आपण आधीच मोजली आहे, आणि ती उत्तराच्या खाती टाकल्यामुळे खर्चात दिसत नाही, इतकेच. ‘ठराविक जास्तीची जागा’ हा दावा खोटा नव्हे. पण शेजाऱ्याचा दुवा पुढे कोणाच्या उपयोगी पडणार असेल तरच तो व्यवहार फायद्याचा. केवळ एकदा पातळीवार वाचन करावयाचे असेल, तर रांगच बरी.

असा उपयोग निघाला तो डेटाबेसच्या क्षेत्रात. बायर आणि मॅक्रेट यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या बी-ट्रीमध्ये नोड भरला की तो दुभंगतो आणि त्याचा वरचा अर्धा भाग नव्या नोडमध्ये जातो. त्याच क्षणी दुसरा कोणी वाचक जुन्या नोडवर पोहोचला, तर त्याला हवी असलेली किल्ली तिथून हललेली असते. फिलिप लेहमन आणि एस. बिंग याओ यांनी १९८१ मध्ये यावर उपाय सुचविला : केवळ पानांना नव्हे, तर प्रत्येक पातळीवरील प्रत्येक नोडला उजव्या शेजाऱ्याचा दुवा द्यावा आणि त्या नोडमधील किल्ल्यांची वरची मर्यादाही नोंदवावी. वाचकाची किल्ली त्या मर्यादेपलीकडची निघाली, की त्याने मुळाकडे न परतता उजवीकडे सरकावे. इथे दुवे भरण्यासाठी वृक्षाची फेरी मारावी लागत नाही; दुभंगताना नव्या नोडने जुन्याचा शेजारी घ्यावा आणि जुन्याने नव्याला शेजारी करावे, एवढ्या दोन नोंदी पुरतात. पोस्टग्रेस या डेटाबेसची बी-ट्री अनुक्रमणिका आजही लेहमन आणि याओ यांच्या याच पद्धतीवर चालते, आणि उलट दिशेने वाचता यावे म्हणून तिथे उजव्या दुव्याच्या जोडीला डावा दुवाही ठेवलेला आहे.