शनीचे कुंभेतले सव्वीस महिने

१७ जानेवारी २०२३ रोजी शनी कुंभेत आला आणि २९ मार्च २०२५ रोजी मीनेत गेला. या सव्वीस महिन्यांत पाहिलेल्या पत्रिकांची वही मी नुकतीच पुन्हा वाचली. रास एकच, पण कन्या लग्नाला तो षष्ठात होता, कर्क लग्नाला अष्टमात आणि मीन लग्नाला व्ययात. म्हणजे तिन्ही त्रिकस्थानं एकाच गोचरात तपासता आली.

मीन लग्नाची एक पत्रिका आजही डोळ्यासमोर आहे. बाई म्हणाल्या, "पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही." व्ययस्थान निद्रेचं आणि खर्चाचं. मीन लग्नाला शनी लाभेश आणि व्ययेशही. व्ययातून त्याची तिसरी दृष्टी धनस्थानावर, सातवी षष्ठावर, म्हणजे ऋणावर. म्हणून मी आधी झोपेबद्दल नाही, कर्जाबद्दल विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग कळलं, घराचा हप्ता पगाराच्या निम्म्यावर गेला होता. त्यांना पंधरा दिवस झोपेची नोंद ठेवायला सांगितलं. झोपल्याची वेळ, जाग आल्याची वेळ आणि तेव्हा मनात काय होतं. जागरणं हप्त्याच्या तारखेभोवती गोळा झालेली दिसली. पत्रिकेने ताण कुठून येतो त्याची दिशा दाखवली, खात्री नोंदीने केली.

कन्या लग्नाला मात्र भीतीचं कारण नव्हतं. पापग्रह षष्ठात चांगलाच मानतात, त्यात शनी स्वराशीचा. तिथे मी आजार शोधत बसलो नाही, दिनचर्येबद्दल विचारलं. जेवणाच्या वेळा पाळणाऱ्यांचं बरं चाललं होतं.

चूक झाली ती अष्टमात. कर्क लग्नाच्या एका गृहस्थांना मी "जपा" एवढंच म्हणालो. काय जपायचं ते सांगितलं नाही. ते कित्येक महिने धास्तीत राहिले, आणि घडलं काहीच नाही. त्यांच्या मनावरचा तो ताण शनीने नाही, माझ्या शब्दाने आणला होता. शिवाय जन्मवेळही अंदाजाची होती. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. ते सीमेवर असेल तर अष्टमातला शनी सप्तमात किंवा नवमात जातो. हे मी आधी तपासायला हवं होतं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. त्रिकस्थानांवरून रोगाचं नाव घ्यायचं नाही, औषध बंद करायला सांगायचं नाही, आयुष्याबद्दल बोलायचं नाही. सवय आणि ताण यांबद्दल प्रश्न विचारायचे. त्या बाईंनाही मी शेवटी विचारलं होतं, "डॉक्टरांना दाखवलंत का?" दाखवलं नव्हतं. तुमच्याही पत्रिकेत षष्ठ, अष्टम किंवा व्ययात शनी असेल आणि त्रास अंगात जाणवत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. पत्रिका नंतर घेऊन या.