नीतिशास्त्राचा पेपर, लेखांक ९ : टँकरचे बिल आणि चौकटीतले उत्तर

गेल्या आठवड्यात आपण सामान्य अध्ययन चारच्या पहिल्या विभागातील छोटे प्रश्न पाहिले. आता दुसऱ्या विभागाकडे, म्हणजे केस स्टडीकडे येऊ. केंद्रीय लोकसेवा आयोगाने हा पेपर २०१३ मध्ये आणला. २५० गुणांच्या या पेपरात साधारण निम्मे गुण या विभागाला असतात: सहा प्रकरणे, प्रत्येकी २० गुण, शब्दमर्यादा २५०. तीन तासांतून गुणांच्या हिशेबाने एका प्रकरणाला जेमतेम चौदा मिनिटे येतात. राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्यामुळे एमपीएससीच्या उमेदवारांनाही हेच गणित सोडवायचे आहे.

वेळ कमी असल्याने सगळे एका चौकटीकडे वळतात: हितसंबंधी कोण, द्विधा कोणत्या, पर्याय कोणते आणि मी काय करेन. ही चौकट उमेदवार ‘टॉपर कॉपी’तून उचलतात. ती उचलायला माझी हरकत नाही, पण त्या कॉप्या कुठून येतात हे आधी समजून घ्या. आयोग मुख्य परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका देत नाही आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या उघड करण्याचा आग्रह मान्य केला नाही. त्यामुळे हातोहात फिरणारी कॉपी बहुधा क्लासच्या टेस्ट सिरीजची असते आणि तिच्यावरचे गुण क्लासच्या तपासनिसाने दिलेले असतात. त्या उमेदवाराला प्रत्यक्ष पेपरात मिळालेले एकूण गुण खरे असतात, पण ते नेमक्या कोणत्या उत्तराला मिळाले हे कळायला मार्ग नाही. म्हणून अशा कॉपीतून मांडणी शिकावी, मजकूर घेऊ नये.

एक प्रकरण घेऊन हे पाहू. तुम्ही दुष्काळी तालुक्यात गटविकास अधिकारी आहात. मे महिना आहे, बारा गावांना टँकरने पाणी जाते. टँकरच्या जीपीएस नोंदी आणि लॉगबुक ताडून पाहताना दिसते की चार गावांसाठी रोज तीन खेपांचे बिल आले आहे, जीपीएसवर मात्र दोनच खेपा आहेत. लॉगबुकवर त्या गावांच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. थकलेले बिल न मिळाल्यास सोमवारपासून टँकर बंद करू, असे कंत्राटदार सांगतो. वरिष्ठ फोनवर म्हणतात, ‘आता बिल काढा, चौकशी पाऊस पडल्यावर बघू.’ प्रश्न तीन आहेत: यातील नैतिक द्विधा सांगा, उपलब्ध पर्यायांचे मूल्यमापन करा, तुमची कृती सांगा.

यात हितसंबंधींचा वेगळा प्रश्न नाही. तरीही मधोमध वर्तुळ काढून आठ बाण सोडणारी आणि प्रत्येक बाणावर समाज, शासन, माध्यमे, पर्यावरण असे लिहिणारी उत्तरे मी सतत पाहतो. त्यात दोन-तीन मिनिटे जातात आणि उत्तर पुढे सरकत नाही. विचारलेले नसेल तर हितसंबंधी दोन ओळींत द्यावेत, तेही प्रत्येकाचा दावा सांगून. चार गावांतील कुटुंबांचा पाण्यावर हक्क आहे आणि त्यांची एक खेप आधीच गायब आहे. उरलेल्या आठ गावांनी काही गमावलेले नाही, पण टँकर थांबले तर शिक्षा त्यांनाही होईल. टँकरचालकांची मजुरी त्याच बिलात अडकली आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सह्या संगनमताने केल्या की दबावाखाली, हे अजून ठाऊक नाही. कंत्राटदार दोषी दिसतो, तरी त्याला म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे. असे लिहिले की यादीतूनच संघर्ष दिसू लागतो आणि द्विधेचा परिच्छेद अर्धा लिहून होतो.

द्विधेच्या ठिकाणी सर्वांत जास्त गुण निसटतात. ‘प्रामाणिकपणा विरुद्ध भ्रष्टाचार’ ही द्विधा नव्हे. तिथे योग्य काय हे ठरलेलेच असते, प्रश्न फक्त धैर्याचा असतो. दोन्ही बाजूंना खरे कर्तव्य असेल तेव्हाच द्विधा होते. या प्रकरणात एकीकडे आज गावात पाणी पोहोचवण्याचे कर्तव्य आहे, दुसरीकडे जनतेचा पैसा खोट्या खेपांवर जाऊ न देण्याचे. एक पाळताना दुसरे मोडण्याची भीती आहे. दुसरी द्विधा वरिष्ठांचा आदेश आणि स्वतःच्या सहीची जबाबदारी यांच्यातली. तिसरी, कनिष्ठ सहकाऱ्याबद्दलची सहानुभूती आणि उत्तरदायित्व यांच्यातली. तीन पुरेत. पाचवी-सहावी द्विधा शोधायला गेलात की ती हमखास ओढूनताणून आणलेली असते.

पर्यायांतही एक सवय मोडायला हवी. बहुतेक उमेदवार दोन उघडउघड चुकीचे पर्याय आणि एक आदर्श पर्याय लिहितात. चुकीच्या पर्यायातले आकर्षण मान्य केल्याशिवाय मूल्यमापन होत नाही. पूर्ण बिल काढले तर सोमवारी पाणी नक्की येईल, हा मोठा गुण आहे. पण संशय नोंदलेला असताना केलेली सही तुम्हालाच गैरव्यवहाराचा भागीदार करते आणि पुढच्या महिन्यात चौथी खोटी खेप येते. पूर्ण बिल रोखले तर तिजोरी वाचते, पण किंमत बारा गावे मोजतात. वरिष्ठांना अहवाल पाठवून थांबणे नियमात बसते, फक्त सोमवार थांबत नाही. चौथा पर्याय पडताळलेल्या खेपांचे पैसे देऊन वादग्रस्त रक्कम रोखण्याचा. त्याचाही तोटा लिहा: जीपीएस बंद पडू शकते, त्यामुळे केवळ त्याच्या आधारे निष्कर्ष काढणे अन्यायकारक ठरेल.

हा तोटा लिहिला की कृती आपोआप ठोस होते. पाणी भरण्याच्या ठिकाणची नोंद तपासायची, चारही गावांत जाऊन बायाबापड्यांना विचारायचे आणि दोन दिवसांत खेपांचा आकडा निश्चित करायचा. तेवढ्या खेपांचे देयक लगेच काढायचे, उरलेल्या रकमेसाठी कंत्राटदाराला खुलासा मागणारी नोटीस द्यायची. सोमवारच्या धमकीला उत्तर म्हणून तहसीलदारांशी बोलून जवळच्या विहिरी व बोअर अधिग्रहित करण्याचा प्रस्ताव आणि पर्यायी टँकर आधीच तयार ठेवायचे. वरिष्ठांशी भांडायचे नाही. त्यांना वस्तुस्थितीची टिप्पणी पाठवून तोंडी आदेशाला लेखी दुजोरा मागायचा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतही वरिष्ठांचे आदेश शक्यतो लेखी असावेत, तोंडी दिल्यास नंतर लेखी व्हावेत हीच अपेक्षा आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे जबाब घेऊन दबाव आणि संगनमत यांत फरक करायचा. शेवटी, पुढील देयक लॉगबुक व जीपीएस यांचा मेळ बसल्याशिवाय निघणार नाही, अशी व्यवस्था लावायची.

‘मी योग्य ती चौकशी करेन’ या वाक्याला माझ्या लेखी शून्य गुण. कोणती नोंद, कोणाकडून, कधीपर्यंत हे सांगणाऱ्या उमेदवाराने तालुका पाहिलेला आहे हे परीक्षकाला कळते. २५० शब्दांची वाटणी मी अशी करेन: हितसंबंधींना चाळीस, द्विधेला पन्नास, पर्यायांना ऐंशी आणि उरलेले कृतीला. मूल्यांची नावे, म्हणजे करुणा, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, वेगळी यादी न करता त्या त्या कृतीशेजारी यावीत.

हेच प्रकरण या आठवड्यात घड्याळ लावून चौदा मिनिटांत स्वतः लिहा. नंतर त्यातला एक तपशील बदला: लॉगबुकवर सही करणारा तुमचा सख्खा मेहुणा आहे. वरची कृती आता कुठे पुरत नाही आणि चौकशी कोणाकडे सोपवावी लागेल, हे पुढच्या लेखांकात पाहू.