निबंधाचे गुण कसे द्यावेत? – 'तथागत बुद्ध : जीवन आणि शिकवण'

वर्षावासात विहारामध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ऐकत वाढलेला कळमनुरी वा सेनगावकडील विद्यार्थी निबंधात लिहितो की, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात युद्ध उभे राहिले, सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि गृहत्याग केला. शेजारचा विद्यार्थी वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी या चार दृश्यांची कथा लिहितो. परीक्षकाने कोणाचे गुण कापावेत?

आमचे उत्तर असे की, कोणाचेच नाही. चार दृश्यांची कथा अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'त आहे. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारपण वा मृत्यू पाहिलाच नसेल, हे बाबासाहेबांना पटले नाही. म्हणून १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी रोहिणीचा प्रसंग स्वीकारला. परीक्षकाने पाहावयाचे ते एवढेच की, लिहिलेल्या प्रसंगातून शिकवणीपर्यंतची वाट विद्यार्थ्याला सापडली आहे काय.

यास्तव वीस गुणांची विभागणी अशी करता येते : जीवनातील घटना व त्यांचा क्रम ५, शिकवणीची अचूक मांडणी ५, दोहोंचा संबंध ६, आधाराचा उल्लेख व भाषा ४. संबंधास सर्वाधिक गुण देण्याचे कारण असे की, घटना आणि शिकवण दोन्ही पाठ करता येतात. त्यांना जोडणारे वाक्य मात्र स्वतःच घडवावे लागते.

उदाहरणार्थ, एका उत्तरात लुंबिनीपासून कुशीनगरपर्यंतचा प्रवास क्रमवार आहे, अष्टांगिक मार्गाची आठही अंगे आहेत, परंतु दोहोंमध्ये दुवा नाही व आधारही सांगितलेला नाही. गुण : ५, ५, १, २, एकूण १३. दुसरे उत्तर आखूड आहे. त्यात ज्ञानप्राप्तीचे स्थान बोधगयेऐवजी सारनाथ असे चुकले आहे आणि आठ अंगांपैकी सहाच आली आहेत. पण तो लिहितो, "राजवाड्यातील सुख आणि उरुवेलेतील उपवास, दोन्ही करून पाहिल्यावर त्यांनी मध्यम मार्ग सांगितला." गृहत्यागाची कथा कोणत्या ग्रंथातील, हेही त्याने नोंदविले आहे. गुण : ४, ४, ५, ४, एकूण १७. स्थानाच्या चुकीचा गुण एकदाच कापावा, पुढील रकान्यात पुन्हा कापू नये.

दोन ठिकाणी परीक्षक हमखास घसरतो. भक्तिभावाने ओथंबलेली विशेषणे वाचून हात सैल सुटतो, तर एखाद्या विद्यार्थ्याने घेतलेली शंका पाहून तो आखडतो. वस्तुतः विशेषणांना गुण नाहीत आणि शंकेला दंड नाही. शंकेमागे कारण दिले असेल, तर ती संबंधाच्या रकान्यातच मोजावी. त्यासाठी उत्तरातील स्तुतीची वाक्ये मनातल्या मनात खोडून उरलेले वाचावे. दोन शिक्षकांच्या गुणांत तीनपेक्षा अधिक अंतर पडल्यास सरासरी काढू नये. कोणत्या रकान्यात मतभेद आहे ते पाहून तेवढाच भाग दोघांनी एकत्र पुन्हा तपासावा.

पालकांनीही उत्तरपत्रिका हाती आल्यावर एकूण गुणांपूर्वी तिसरा रकाना पाहावा.